अर्ध्या तिकिटाची आई, पूर्ण तिकिटाचे बाबा

आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला मोबाइलवर टाकायचा फोटो तयार होता. गिरडला जाताना एसटीत मीच काढलेला. आई सीटवर मांडीवर पिशवी घेऊन, बाबा शेजारी दांडा धरून उभे. दोघंही कॅमेऱ्याकडे बघत नाहीत. म्हणूनच मला आवडला. अडलं ते वर काय लिहायचं यावर.

आमचे नातेवाईक पहिल्या दोन ओळी वाचतात. बाकीचं 'आणखी वाचा'च्या मागे जातं आणि तिथवर बोट न्यायचे कष्ट कोण घेतो! म्हणून गंमत आधी, शुभेच्छा लगेच मागे. 'मेड फॉर इच अदर' वगैरे आमच्या घराला शोभत नाही. बायकांना एसटीत अर्धं तिकीट लागतं, ते धरून मी लिहिलं:

'अर्ध्या तिकिटाची आई बसलेली, पूर्ण तिकिटाचे बाबा उभे. लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा!'

मी स्वतःवरच खूश. पण आईला न दाखवता टाकायची सोय नाही. तिनं चष्मा लावून वाचलं आणि तिचा चेहराच उतरला.

"काऊन व, मी यायले, तुह्या बाबाले, उभं ठेवते का? तुह्या आत्या काय म्हनतीन?"

"अगं, गंमत आहे."

"गंमत तुही, बोलणी माही. जन्मभर भावाले उभं ठेवलं म्हनतीन."

तिचे डोळे भरून आले. मला राग आला, आत्यांचा आणि थोडा तिचाही. एवढ्या वर्षांनी अजून त्यांना काय भ्यायचं? पण आजच्या दिवशी तिला रडवून लाइक गोळा करण्यात काय अर्थ होता? मी ओळ पुसायला घेतली.

बाबा पेपर वाचत होते. "काय चाल्लं?" म्हणाले. मी वाचून दाखवलं. ते खो-खो हसले, मग म्हणाले, "पण चुकलं तुहं. तिनं नाई उभं ठेवलं. मीच रुमाल टाकतो ना! गाडी स्टँडवर लागली का खिडकीतून रुमाल टाकाचा. गर्दीत दोन जागा कुठं भेटतेत?"

"मग ही ओळ बदलू?"

"बदल. अन् जागा सावलीची असते, तेही लिही. ऊन कोन्या बाजूनं येईन ते पाहूनच टाकतो मी. उन्हानं तिचं डोकं दुखते." आणि पुन्हा पेपरात.

मी नवं लिहिलं: 'रुमाल बाबांचा, जागा आईची, तीही सावलीची. म्हणून बाबा हौसेनं उभे! लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा!'

"आता टाकू?" मी विचारलं.

आईचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती बाबांकडे बघत होती.

"टाक," ती म्हणाली. मग हळूच, फक्त मला ऐकू येईल असं, "उन्हानं डोकं दुखते हे मी यायले कधी सांगतलंच नाई व."