कागदवालीचं हॉल तिकीट

निम्मे कपडे बादलीतच ठेवून घरातली थोरली सून विद्यापीठाच्या परीक्षा विभागात पोहोचली. एकही चिठोरा टाकत नाही म्हणून घरात तिला सगळे ‘कागदवाली’ म्हणत. बेचाळिसाव्या वर्षी ती बी.ए.च्या शेवटच्या परीक्षेला बसत होती. पेपर उद्यावर आला होता आणि हॉल तिकिटावरचं आडनाव ओळखपत्राशी जुळत नव्हतं.

“ताई, परीक्षा नियंत्रकांना अर्ज कॉलेजमार्फतच लागतो,” लिपिक खाली मान घालूनच म्हणाला.

“प्राचार्यांचा सही-शिक्का आहे. ओळखपत्राची प्रत आहे. आणि ही मी भरलेल्या परीक्षा फॉर्मची प्रत, नाव बरोबर आहे.”

त्याने ती निरखून पाहिली. “अरेच्चा! म्हणजे चूक आमच्याकडचीच.”

“मग आता तरी मान वर करा, भाऊ!”

तासाभरात नियंत्रकांच्या सहीचं नवं हॉल तिकीट आलं. देवाचं नाव घेऊन तिने ते कपाळाला लावलं आणि बैठक क्रमांकाची खोली बघायला परीक्षा केंद्राकडे निघाली.