पापडाच्या डोक्यावर माझा पगार

आमच्या शेजारच्या ज्योत्स्नाबाई अकोल्यात मसाले-पापडाच्या कारखान्यात हिशेब पाहतात. मी तिथलाच मॅनेजर, म्हणजे खुर्ची मोठी अन् काम बेताचं.

मागच्या महिन्यात मी शेठला ऐटीत सांगितलं, "पापडात दहा हजारांचा तोटा होऊन राहिला. बंद करा." पापड विभाग सांभाळणाऱ्या मैनाबाईंचा चेहराच उतरला, त्यांची नोकरी तेवढ्यावरच होती.

ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, "थांबा भाऊ. मशीनचं भाडं अन् मैनाबाईचा पगार, हा पापडाचा स्वतःचा स्थिर खर्च. माल-मजुरीसंगं तोही काढला, तरी पापड महिन्याले वीस हजार कमावते. त्यावर तुमी शेडचं भाडं अन् तुमचा पगार, असा सामायिक खर्चाचा तीस हजारांचा वाटा टाकला, म्हणून तोटा दिसते. पापड बंद केला तर तो वाटा थांबन का?"

"कायचा थांबते! मसाल्यावर जाऊन बसन," शेठ म्हणाले.

"मंग हातचे वीस हजार जातीन, अन् मॅनेजर तर राहतेतच!"

शेठनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू बंद करायचा विभाग मीच. पापड चालू राहिला. मैनाबाईंनी ज्योत्स्नाबाईंकडे डबाभर पापड पाठवले. आमच्या हिनं त्यातलेच दोन मागून आणले.