हौद की बोअर

महादेवीच्या गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली की शिवकांताबाईंच्या हातातलं काम थांबायचं. दोन्ही घरांमध्ये भिंत एकच. पाणी पत्र्यावर पडायचं, तिथून नाल्यात आणि नाल्यातून थेट शिवकांताबाईंच्या उंबऱ्यासमोरून खळखळत जायचं. महादेवी मोटार वेळेवर बंद करत नव्हती, आणि मुद्दाम करत नव्हती, अशी शिवकांताबाईंची खात्री होती.

महादेवी त्यांची धाकटी जाऊ. लातूरच्या क्लासेसच्या भागात दोघींची मुलींची वसतिगृहं. शिवकांताबाईंनी दहा वर्षांपूर्वी सुरू केलं. सून माहेरी गेली की स्वतः चोवीस मुलींच्या भाकरी थापायच्या, अशी बाई. डॉक्टर व्हायला आलेल्या कितीतरी मुली त्यांच्या हातचं जेवून गेल्या. धाकटीनं त्यांचं बघून सुरू केलं, हेही त्या विसरल्या नव्हत्या. पण गेल्या वर्षी महादेवीनं बोअर मारली, सहाशे चाळीस फुटांवर पाणी लागलं, आणि दारावर पाटी आली, "चोवीस तास बोअरचं पाणी". गंगापूजनाला सगळी गल्ली बोलावली होती. शिवकांताबाईंनी गव्हाची हुग्गी खाल्ली, गोड झाली म्हणून सांगितलं आणि घरी येऊन न जेवता झोपल्या. महिनाभरात त्यांच्याकडच्या दोन मुली पलीकडे गेल्या. जाताना एकीची आई म्हणाली, "तुमचं जेवण चांगलं हाय हो काकू, पण केस धुवायलासुद्धा विचारावं लागतंय."

ते वाक्य शिवकांताबाईंच्या मनातून जात नव्हतं.

त्यांच्याकडे नळाला पाचव्या दिवशी पाणी यायचं. मधल्या दिवसांसाठी टँकर. ठेव मोडून आलेले दोन लाख रुपये बँकेत पडून होते, आणि तेवढ्यात एकच काम होणार होतं. नागप्पा, त्यांचे यजमान, आडतीच्या दुकानात मुनीम होते. निवृत्त झाल्यावरही बोलायचे तोलूनमापूनच. त्यांचं मत होतं की अंगणाखाली मोठा हौद बांधावा.

"हौदात पाणी कुठून येतंय? वरून पडणार हाय का?" शिवकांताबाई म्हणाल्या.

"बोअरीत तरी कुठून येतंय? गल्लीत पाच जणांनी मारल्या. दोघांलाच लागलं."

"त्या दोघांत तुमच्या भावाची बायको हाय."

"मग?"

"मग काय. तिला लागतंय, मला का न्हाई लागणार? भिंतीला भिंत हाय."

नागप्पांनी चष्मा काढून पुसला. "भिंतीचं आणि खालच्या खडकाचं काय नातं हाय, ते मला म्हाईत न्हाई," एवढंच म्हणाले.

बोअरवाल्या गुंडप्पाला शिवकांताबाईंनी रविवारी दुपारी बोलावलं. खोदाईची गाडी सोमवारी गल्लीत येणार होती, आधी पंचवीस हजार आगाऊ द्यायचे होते. नागप्पांचं तोंड बंद व्हावं म्हणून शिवकांताबाईंनी सकाळीच टँकरच्या पावत्यांचा गठ्ठा काढला. त्यांच्या पावत्या तारखेवार तारेला टोचलेल्या असायच्या, ही सवय जुनी. जाजमावर बसून महिन्याच्या पावत्या ओळीनं मांडल्या. बारा टँकर, पाच हजार लिटरचे, नऊशे रुपये एक. दहा हजार आठशे. शेजारी दोन कोटेशनं ठेवली. गुंडप्पाचं होतं एक लाख नव्वदचं: सातशे फूट खोदाईचे नव्वद हजार, माती ढासळू नये म्हणून बसवायच्या केसिंगचे पंधरा, आणि मोटार, पाईप, केबल, स्टार्टर मिळून पंच्याऐंशी. हौद बांधणाऱ्या ठेकेदाराचं होतं एक लाख अठ्ठ्याऐंशीचं: पंधरा हजार लिटरचा काँक्रीटचा हौद, आतून गिलावा, झाकण, वर पाणी चढवायला लहान मोटार.

"बघा," त्या म्हणाल्या. "बोअर लागली की टँकर बंद. महिन्याला हजार-दोन हजार लाईट बिल गेलं तरी नऊ हजार वाचले. मुली दहा महिने राहतात. दोन वर्षांत पैसे वसूल. तुमच्या हौदाचं काय?"

"लागली की," नागप्पा म्हणाले.

"लागणारच हाय."

तेवढ्यात पावत्यांवरच्या तारखांकडे शिवकांताबाईंची नजर गेली. आतापर्यंत त्यांनी पावतीत बघितला होता तो आकडाच. वर्षभर तेवढंच दिसत होतं: नऊशे, नऊशे, नऊशे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर नळाच्या दिवसांना त्या लाल गोल करायच्या. शिवकांताबाईंनी कॅलेंडर उतरवून मांडीवर घेतलं. सोमवारी नळ, बुधवारी टँकर, शुक्रवारी टँकर, शनिवारी नळ. पुढं पुन्हा तसंच: सोमवारी टँकर, बुधवारी टँकर, गुरुवारी नळ. एकही फेरी चुकली नव्हती.

नळाला तीन तास पाणी राहायचं. त्यांच्या खालच्या छोट्या हौदात तीन हजार आणि गच्चीवरच्या दोन टाक्यांत दोन हजार लिटर मावायचं. ते पावणेदोन तासांत भरायचं. मग त्या स्वतः जाऊन कॉक बंद करायच्या, नेहमीच्या सवयीनं, जणू दाराची कडी लावावी. उरलेला सव्वा तास पाणी दाराशी येऊन उभं राहायचं आणि निघून जायचं. आणि दोन दिवसांनी त्याच पाण्यासाठी त्या टँकरवाल्याला फोन करायच्या.

"तीन तासात नऊ हजार लिटर," त्या पुटपुटल्या. "आपण घेतो पाच."

कधी गप्प बसावं, हे नागप्पांना कळत होतं, आणि त्याचाच शिवकांताबाईंना राग आला.

पाच दिवसांना लागतं चौदा हजार. नळाचं नऊ हजार साठवलं तर कमी पडलं फक्त पाच. महिन्याच्या सहा फेऱ्यांना तीस हजार. हौद असला तर दहा हजारांचा मोठा टँकर घेता येतो. तो पंधराशेला मिळतो. आत्ता त्यांच्याकडे तो ओतायला जागा नव्हती. तीन टँकर, साडेचार हजार. आज जातात दहा हजार आठशे. वाचले सहा हजार तीनशे. वर्षाला त्रेसष्ट हजार, तीन वर्षांत हौद वसूल.

बोअर दोन वर्षांत वसूल होत होती, पण पाणी लागलं तर. न लागलं तर खोदाईचे नव्वद आणि केसिंगचे पंधरा मातीत, टँकर जिथल्या तिथं आणि हौदासाठी हातात पैसे उरणार नाहीत. मोटारीचे पंच्याऐंशी तेवढे वाचतील. हौदाला मात्र खडकाला काही विचारावं लागत नव्हतं. आकडे दोन वेळा तपासले. तेच आले. आणि आकडे बरोबर येताहेत, याचंच त्यांना वाईट वाटलं. हौद म्हणजे अंगणात पुरलेली टाकी. तिचं गंगापूजन कोण करणार? पाटीवर काय लिहिणार?

दुपारी गुंडप्पा आला तेव्हा महादेवीही मागोमाग आलीच. तिला कसं कळलं हे विचारायची सोय नव्हती; भिंत एकच होती.

"अक्का, घ्या हो घ्या," महादेवी पदर सावरत म्हणाली. "एकदा बोअर झाली की टँकरवाल्याच्या पाया पडावं लागत न्हाई. माझ्याकडं बघा, सकाळी मोटार लावली की विसरूनच जाते मी."

"विसरतीस ते कळतंय आम्हाला. नाल्याला पूर येतोय."

"त्याला काय करू बाई, पाणीच लई."

शिवकांताबाईंचा हात पिशवीकडे गेला. पंचवीस हजार त्यात मोजून ठेवलेले होते. महादेवीच्या समोर द्यायचे, उद्या गाडी आली की गल्ली जमवायची, हुग्गी हिच्याहून दुप्पट करायची, असं सगळं मनात ठरलेलं होतं. महादेवी हसत उभी होती, आणि त्या हसण्याला पैशानं उत्तर देणं अगदी सोपं होतं.

"गुंडप्पा," त्या म्हणाल्या, "सातशे फुटाला काही लागलं न्हाई तर?"

"काकू, शुभ बोला की."

"बोलते शुभ. पण तू आधी सांग. लागलं न्हाई तर पैसे किती?"

"खोदाई तर द्यावीच लागतीया. मशीनला डिझेल लागतंय, पाणी लागो का न लागो." गुंडप्पानं कोटेशन उलटं करून दाखवलं. खालच्या ओळीत छापलेलंच होतं: पाणी लागण्याची हमी नाही. "पण महादेवीवहिनीच्या इथं लागलंय म्हणल्यावर..."

"तिच्या पलीकडच्या वीरभद्राच्या इथं तूच मारलीस न्हाई का?"

गुंडप्पानं कोटेशन घडी करून ठेवलं. "ती कोरडी गेली," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू."

"माझी न्हाई गेली," महादेवी म्हणाली.

"न्हाई गेली," शिवकांताबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजाचा त्यांनाच राग आला, कारण त्यात कौतुक होतं. "तुझं नशीब चांगलं हाय, महादेवी. पण माझ्याकडं दोन लाखच हायेत, आणि ते मी नशिबावर लावू शकत न्हाई. गुंडप्पा, चहा घे आणि गाडी दुसरीकडं ने."

महादेवीचा चेहरा क्षणभर पडला. अक्का बोअर मारणार, ती कोरडी जाणार आणि मग आपण जाऊन समजूत घालणार, असं तिनं मनात कुठं धरलं होतं की काय, कोण जाणे. शिवकांताबाईंना तसं वाटलं, आणि तसं वाटण्यात त्यांना गोडीही वाटली.

हौद महिन्याभरात झाला. खोदताना अंगणातली जाईची वेल गेली, मुलींना पंधरा दिवस फळीवरून ये-जा करावी लागली, आणि महादेवी रोज गच्चीवरून बघत होती. "अक्का, एवढा खड्डा! खाली बोअरच मारून घ्यायची होती की," ती ओरडून म्हणाली. रात्री शिवकांताबाई नागप्पांना म्हणाल्या, "हिची बोअर आटावी असं मला वाटतंय. वाटू नये, पण वाटतंय."

बोअर आटली नाही. एप्रिलमध्येही पाणी येत होतं. शिवकांताबाईंनी रोज पाहिलं, म्हणून खात्रीनं सांगता येतं.

पहिल्या महिन्यात त्यांच्या तारेवर तीन पावत्या टोचल्या गेल्या. पलीकडे गेलेल्या दोघी परत आल्या नाहीत. पण जूनमध्ये उमरीहून एक शेतकरी मुलीला घेऊन आला, आधी महादेवीकडं जाऊन मग इकडं.

"तिकडं बोअर हाय म्हणले. तुमच्याकडं?"

"बोअर न्हाई," शिवकांताबाई म्हणाल्या. त्या दोन शब्दांना त्यांना बराच जोर लागला. "मागच्या उन्हाळ्यात मुलींनी लई सोसलं. आता या."

त्यांनी अंगणातलं झाकण उचललं. आदल्या दिवशीच नळ येऊन गेला होता. तो माणूस वाकून आत बघत राहिला. काळं, गार, स्थिर पाणी होतं, आणि त्यात त्याच्या टोपीची सावली.

"ह्ये सगळं नळाचं?"

"बरंचसं. महिन्यात तीनदा टँकर येतो. लपवत न्हाई. केस धुवायला विचारावं लागत न्हाई."

मुलगी बापाच्या खांद्यावरून डोकावली. "पपा, इथंच," ती म्हणाली.

गच्चीवर महादेवी वाळवण घालत होती. तिचे हात मधेच थांबले. शिवकांताबाईंनी तिच्याकडं बघितलं नाही, पण झाकण जरा उशिरानंच लावलं.