रजिस्टर घरी येणार होतं, म्हणून मी पद नाकारलं

मैत्रिणींनो, आज दुपारी लेकीच्या शाळेत पालक-शिक्षक संघाची सभा झाली.

उपाध्यक्षपदासाठी एका पालकांनी माझं नाव सुचवलं, दुसऱ्यांनी अनुमोदन दिलं. मी उभी राहिले. "सर, मी बियाणे कंपनीत आहे. महिन्यातले पंधरा दिवस गावोगावी शेतातले बियाण्यांच्या चाचणीचे प्लॉट पाहत फिरते. बैठकांना येणं जमणार नाही."

मुख्याध्यापक हसले. "ताई, यायचं कशाला? बैठकीचं रजिस्टर घरी पाठवतो. सही केली की बस."

"ज्या बैठकीला मी नव्हते, तिच्यावर सही करणार नाही."

मागून एक काका म्हणाले, "शिकलेल्याच मागं सरल्या तर मंग आमी काय करावं?"

घरातली पहिली पदवीधर मी. बरोबर वर्मी लागलं.

तरी मी शिवणकाम करणाऱ्या कावेरीताईंचं नाव सुचवलं. त्यांनी एकही बैठक चुकवलेली नाही.

"मला लिहिणं बराबर जमत न्हाई," त्या घाबरून म्हणाल्या.

"इतिवृत्त सचिव बाई लिहितात. तुम्ही हजर राहून प्रश्न विचारायचे."

बराच वेळ अनुमोदनाला कुणाचाच हात वर येईना. शेवटी त्याच काकांनी हात वर केला.

कावेरीताई मुख्याध्यापकांना म्हणाल्या, "पण सही मी बैठकीतच करीन. वाचून दाखवल्यावर."

मी जबाबदारी टाळली का? खरं सांगा.