साडूला धाडलेला व्हिडिओ

साडूचं पोरगं सावेडीत गाडी चालवायला लागलं आणि इकडे तिसगावात मला ताप भरला. त्याला अठरा पूर्ण होती, लायसन पक्कं होतं, सगळं रीतसर. पण रीतसर गोष्टीवर जळू नये असा काही नियम नाही. साडूचं अन् माझं लग्न एकाच मांडवात लागलं, तेव्हापासून त्याची पंगत माझ्या आधी उठते, असं माझं पक्कं मत आहे.

माझं पोरगं सोळाचं. मी आमच्या जुन्या गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली, शेजारी बसलो, त्याचा व्हिडिओ काढला आणि फक्त साडूला पाठवला. खाली लिहिलं, ‘तुमच्याच्या दोन वर्षं आधी.’

पुढच्या आठवड्यात पोराने मागितली म्हणून मी पुन्हा किल्ली दिली. या वेळी तो एकटाच होता. बाजाराच्या वळणावर त्याने दूधवाल्याच्या मोटारसायकलला धडक दिली. दूधवाल्याचा पाय मोडला. पोलिसांनी गाडी ओढून नेली आणि गुन्हा दाखल झाला तो माझ्यावर.

वकीलबाईंनी पाथर्डीत समजावून सांगितलं. “पोराचं नगरला बाल न्याय मंडळापुढे चालेल, तुमचं इथल्या कोर्टात. दूधवाल्याच्या भरपाईचा दावा तिसरीकडे. पोराला लायसन नाही, त्यामुळे विमा कंपनी दूधवाल्याला दिलेले पैसे नंतर तुमच्याकडून वसूल करू शकेल.”

“पण गाडी मी कुठं चालवत हुतो?”

“अल्पवयीन मुलाने असा गुन्हा केला तर पालक आणि गाडीमालक दोषी धरले जातात. तुम्ही दोन्ही आहात. तीन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. पोराला पंचवीस पूर्ण होईपर्यंत लायसन नाही.”

पंचवीस. तोवर साडूचं पोरगं चारधाम करून आलेलं असेल.

“सुटका न्हाई का?”

“आहे. तुम्हाला माहीत नव्हतं, किंवा त्याने गाडी नेऊ नये म्हणून तुम्ही पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करा. कोर्ट मात्र आधी तुमची संमती होती असंच धरून चालतं. पोराला गाडी चालवताना तुमच्याबरोबर कुणी पाहिलंय?”

मी न्हाई म्हणालो आणि तडक सावेडी गाठली. बायकोही बरोबर आली, माझ्यावर लक्ष ठेवायला.

मी सगळं सांगितल्यावर साडूने मोबाईल काढला. व्हिडिओ अजून डाऊनलोडसुद्धा केलेला नव्हता. “आल्ता खरा. बघायचं राहून गेलं,” तो म्हणाला. “पुसून टाकू का, पाव्हणं?”

शहाण्या माणसाने व्हय म्हटलं असतं. पण त्याने माझा व्हिडिओ उघडलाच नव्हता, हे माझ्या जिव्हारी लागलं. मी म्हणालो, “आधी बघा तरी.”

बायकोने डोक्याला हात लावला. साडूने व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. “हात चांगला बसलाय पोराचा.” मला क्षणभर बरं वाटलं. मग तो म्हणाला, “पण आता मला कुणी विचारलं, तर पाहिलं न्हाई असं म्हणता यायचं न्हाई. अन् हे पुसनं बी बरं न्हाई.”

“हे धाडायला जेवढी अक्कल लावली, तेवढी किल्ली जपून ठेवायला लावली असती तर,” बायको म्हणाली.

मंडळापुढची तारीख आधी आली. तिथल्या मॅडमनी पोराला हळूच विचारलं, “गाडी कशी मिळाली तुला?”

“बाबा झोपले हुते. मीच न विचारता किल्ली घेतली.”

माझी सुटका तिथेच, त्याच्या तोंडून होत होती. पोरगं बोललं तितक्या ताठ मानेने मी कधीच बोललो नव्हतो. साडूचा कधी वाटला नसेल एवढा हेवा मला त्या घटकेला माझ्याच पोराचा वाटला. आणि तो खोटं बोलून माझ्या वरचढ ठरणार, हे तर मला अजिबात सोसवेना.

“मॅडम, पोरगं खोटं बोलतंय. किल्ली मीच दिली. दोनदा.”

पोराला समज मिळाली, समुपदेशन लागलं आणि काही दिवस वाहतूक पोलिसांबरोबर चौकात उभं राहण्याचं काम मिळालं. पाथर्डीत मी गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी विचारलं, कुणाच्या दबावाखाली बोलताय का? मी नाही म्हणालो. दंड झाला, आणि कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहण्याची कैद. वकीलबाई म्हणाल्या, स्वस्तात सुटलात. दूधवाल्याचा दावा अजून चालू आहे. त्याच्या काठीचा आवाज आला की मी घराबाहेर जाऊन त्याला बसायला खुर्ची देतो. तो बसतो, दम घेतो आणि निघून जातो.

शिक्षेच्या त्या दिवशी मी कोर्टातल्या मागच्या बाकावर बसलो. साडू आला आणि शेजारी टेकला. चहाला म्हणून त्याला केव्हाही उठता आलं असतं. संध्याकाळपर्यंत तो उठला नाही. एवढा चांगुलपणा आणला कुठून याने, म्हणून मी दिवसभर जळत बसलो.