बिननावाच्या पत्त्यावरचा अर्ज

टाइमकीपर आमच्याच गावचा होता. अंजूरला त्याचं घर आमच्या घरापासून चौथं. नात्यानं लांबचा काका. आग्रा रोडवरच्या कापड रंगवायच्या कारखान्याचं गेट त्याच्या ताब्यात होतं. आत येणाऱ्याची नोंद त्याच्या हाताखाली व्हायची, बाहेरच्या माणसाला आत सोडायचा पास त्याच्या सहीनं निघायचा. भरतीचा अधिकार त्याला नव्हता, पण गावात तो आहे असाच समज होता आणि तो समज त्यानं कधी दुरुस्त केला नाही.

माझ्या नोकरीसाठी आईनं दोन हंगाम त्याच्या घरी वालाच्या शेंगा पोचवल्या. दोन्ही वेळा त्यानं "बघू" म्हटलं. तिसऱ्या वर्षी मी स्वतः गेटवर गेलो. 'नोकरभरती बंद' अशी पाटी होती. खुर्चीवर बसूनच तो मोठ्यानं म्हणाला, "मॅट्रिक झालास ना रं? मग बोर्ड वाचता येत न्हाय? आयशीला सांग, उगाच चकरा मारू नको. कारखाना म्हणजे काय बाजार हाय?"

पाळी सुटण्याची वेळ होती. तीस-चाळीस कामगारांनी ते ऐकलं. काही हसले. हसणाऱ्यांत आमच्या आळीतले दोघे होते. आईला मी शेवटचं वाक्य सांगितलं नाही. दोन दिवसांनी तिला ते दुसऱ्याकडून कळलं. त्या दिवशी मी ठरवलं की त्या गेटातून आत जायचं, आणि ह्या माणसाच्या शब्दावाचून जायचं.

तेव्हा मी निजामपुऱ्यात एका व्यापाऱ्याकडे कापड तपासायचो. मागावरून उतरलेलं कोरं कापड टेबलावरून ओढायचं, तुटलेला धागा, तेलाचा डाग, विरळ पट्टा दिसला की कडेला खूण करायची. दोन वर्षं हेच काम. व्यापाऱ्याच्या भिंतीवर त्या कारखान्याचं कॅलेंडर होतं. तळाला मुंबईच्या मुख्य कचेरीचा पत्ता होता. तिथं कोण बसतं, भरती कोण करतं, मला ठाऊक नव्हतं. जागा असल्याची जाहिरातही कुठं आली नव्हती. मी पाकिटावर 'पर्सोनेल डिपार्टमेंट' एवढंच लिहिलं आणि खाली तो पत्ता.

पहिला अर्ज मी मामलेदाराला लिहितात तसा लिहिला. 'सेवेशी सविनय सादर', वडील वारले, दोन बहिणी लग्नाच्या, मिळेल ते काम करीन. सोबत सरपंचाचा दाखला. आमच्याकडे अर्ज म्हणजे हाच. तीन महिने उत्तर नाही.

निजामपुऱ्यात एक म्हातारा टायपिस्ट मशीन घेऊन बसायचा. त्याच्याकडे दुसरा अर्ज टाइप करून घ्यायला गेलो. पहिल्याची नक्कल वाचून त्यानं चष्मा वर केला.

"मियाँ, नौकरी मांगते हो या खैरात?"

"नौकरी."

"इसमें तो कहीं लिखा नहीं के तुमको आता क्या है. बहन की शादी कंपनी करवाएगी?"

मी नक्कल परत घ्यायला हात पुढं केला. तो म्हणाला, "बैठो. बोलो, दिनभर क्या करते हो. जो करते हो वही बोलो."

मी बोलत गेलो, तो इंग्रजीत टाइप करत गेला. एक पान झालं. वरच विषय: कापड तपासणीच्या कामासाठी अर्ज. मग दोन वर्षांचा अनुभव, कोरं कापड ओळखता येतं, कोणता दोष रंगात झाकला जातो आणि कोणता रंगल्यावर जास्त दिसतो हे माहीत आहे. शेवटी: सध्या जागा नसल्यास अर्ज नोंदीवर ठेवावा. अर्जातून बहिणी गेल्या, सरपंच गेला. स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट मी सोबत जोडलं.

तीन आठवड्यांनी त्याच पाकिटातून छापील कागद आला. अर्ज पोचला, सध्या जागा नाही, नोंदीवर ठेवला आहे. कोपऱ्यात शाईनं एक नंबर. टाइमकीपरच्या कानावर ते गेलंच. चावडीसमोर त्यानं मला अडवलं.

"तसला कागद सगल्यांना जातो. घरात फ्रेम करून लाव."

तो बरोबर बोलत होता. कागद खरंच सगळ्यांना जायचा. पुढं त्या कचेरीतल्या कारकुनानं मला पद्धत सांगितली. आलेल्या अर्जावर शिक्का बसायचा, नंबर पडायचा, मग कामाप्रमाणे गठ्ठे व्हायचे. ज्यात काम लिहिलेलं नाही तो अर्ज 'इतर'मध्ये, आणि त्या गठ्ठ्याला कुणी हात लावत नसे. गठ्ठे सहा महिने ठेवायचे; मधे नंबर घालून पत्र आलं तर त्या अर्जाची मुदत तिथून पुढं वाढायची. एखाद्या खात्यानं माणूस मागितला की सरकारी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला जागा कळवायची आणि त्याच वेळी गठ्ठाही काढायचा. एक्स्चेंजमधूनच घ्यायचं असं बंधन नव्हतं.

हे तेव्हा मला माहीत नव्हतं. पण नंबर दिलाय तर त्याचा काही उपयोग असणार, एवढं कळत होतं. पाचव्या महिन्यात मी चार ओळींचं पत्र पाठवलं. वर तो नंबर, खाली एवढंच की अर्ज अजून कायम आहे आणि आता मी सुटिंगचं कापडही तपासतो.

दीड महिन्यानं बोलावणं आलं. मुलाखत कारखान्यात, सकाळी दहा वाजता, गेटवरच्या टाइम ऑफिसमध्ये हजर व्हावं.

मी साडेनऊला गेटवर पोचलो. पहारेकऱ्यानं रजिस्टर पुढं केलं. मी नाव, वेळ, काम सगळं लिहिलं. टाइमकीपरनं माझं पत्र वाचलं, घडी घातली, परत दिलं.

"आमाला मुंबईवरून कायबी आलं न्हाय. थांब."

दहा वाजले. अकरा वाजले. मी दोनदा विचारलं. "काका, आत फोन तरी करा."

"काका घरी. हितं साहेब म्हनायचं."

एक वाजता तो डबा खायला उठला. जाताना म्हणाला, "साहेब लोक गेले. आता फ्रेम मोठी लागंल बघ."

मी रजिस्टरमध्ये बाहेर पडल्याची वेळ लिहिली, एक वाजून पाच मिनिटं, आणि सही केली. तिथून थेट निजामपुऱ्याला गेलो. म्हाताऱ्याला म्हटलं, शिव्या टाइप करायच्या आहेत. तो म्हणाला, "गालियाँ नहीं. घड़ी का टाइम लिखो."

पत्र पाच ओळींचं झालं. नंबर अमुक. बोलावल्याप्रमाणे साडेनऊला हजर झालो, गेटच्या रजिस्टरमध्ये नोंद आहे. एक वाजून पाच मिनिटांपर्यंत थांबलो, आत सोडलं नाही. बोलावण्याच्या पत्रात कुणाचं नाव नसल्यानं पुन्हा कुणाकडे, कुठं हजर व्हावं ते कळवावं. टाइमकीपरचं नाव मी लिहिलं नाही. रजिस्टरच्या प्रत्येक पानाखाली रोज त्याचीच सही असायची. पत्र पोचपावतीच्या रजिस्टर्ड टपालानं पाठवलं.

पोचपावती सही होऊन परत आली. पंधरवड्यात दुसरं बोलावणं आलं, ह्या वेळी मुंबईच्या कचेरीत. तिथं टेबलावर पाच वार कापड पसरलेलं होतं. मी सात दोष दाखवले. कापड तपासून घड्या घालतात त्या फोल्डिंग खात्यात मला घेतलं.

पहिल्या बोलावण्याच्या पत्राची प्रत गेटवर पोचली होती, आणि आवक वहीत तिची नोंदही होती, हे चौकशीत निघालं. पास देण्याचा अधिकार टाइमकीपरकडून काढला आणि त्याला मागच्या कोळशाच्या गोदामावर पाठवलं. तिथं त्याच्यासमोर कुणी उभं राहत नसे.

एका रविवारी तो आमच्या अंगणात आला. बसला नाही.

"तू एक कागद लिही. वरच्या साहेबांना लिही की गैरसमज झाला. तुझं झालं ना आता काम?"

"झालं ते लिहिलंय," मी म्हटलं. "दुसरं कायबी झालं न्हाय."

तो आईकडे वळला. "वयनी, तुमी तरी सांगा."

आई आत गेली. तो गेल्यावर ती मला म्हणाली, "लिवला असतास तर तुजं काय गेलं असतं?"

काहीच गेलं नसतं. तरी मी लिहिलं नाही. तो निवृत्त होईपर्यंत कोळशाच्या गोदामावरच होता. माझी वाट गोदामावरून नव्हती, तरी पहिले काही महिने मी तिकडून वळसा घालून जायचो.