कपाखालची निळी सावली

फोटोमावशींना संशयाचा जुना आजार. भाजीवालीचं वजन, दूधवाल्याचं माप, डॉक्टरांचं निदान, सगळं दोनदा तपासल्याशिवाय बाईंना चैन पडायचं नाही. पण धंद्यात याच आजाराने त्यांचं नाव झालं होतं. ऑनलाइन माल विकणारे लोक सांगत, फोटो मावशींकडूनच काढा, वस्तू घरी आल्यावर तोच रंग दिसतो.

घराच्या मागच्या खोलीत त्यांचा संसार. भिंतीवरून पांढऱ्या कागदाचा गुंडाळा खाली येऊन टेबलावर वळायचा, कुठे जोड नाही की कोपरा नाही. दोन बाजूंना कापडाआडचे मऊ दिवे. पांढरी वस्तू असली तर तिच्या कडा पांढऱ्यात विरघळू नयेत म्हणून दोन्हीकडे काळ्या कागदाच्या पट्ट्या. आणि कुठल्याही कामाचा पहिला फोटो एका करड्या कार्डाचा. हे करडं बघून कॅमेऱ्याने बाकीचे रंग लावायचे. कार्ड यजमानांच्या वेळचं. मागे त्यांच्या अक्षरात लिहिलेलं, "रंग खरा हवा." यजमान जाऊन आठ वर्षं झाली. कार्ड खिडकीत, हाताशी.

पुढचं काम सुनेचं. कॉम्प्युटरवर वस्तूच्या कडा कापायच्या, पाठीमागचं पांढरं अगदी शुद्ध करायचं आणि बुडाशी हलकी सावली ठेवायची, नाहीतर वस्तू अधांतरी दिसते.

महिन्यापूर्वी मावशी सुनेच्या पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या, तर सून रंगाची पट्टी सरकवतेय.

"हे काय चाललंय?"

"थोडं पिवळ्याकडे घेते, आई."

"कशाला? कार्ड लावून काढलेला फोटो आहे. कडा काप, सावली ठेव, रंगाला हात लावायचा नाही."

सुनेने पट्टी होती तिथे परत नेली. मावशींना ते निमूट ऐकणंही खटकलं. माझ्या पाठीमागे ही काय काय बदलत असेल, हा किडा डोक्यात वळवळायला लागला.

तीन आठवड्यांनी कपवाला दारात हजर. साय-रंगाचे कप विकणारा, मावशींचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. हातात परत आलेल्या कपांचं खोकं.

"मावशी, फोटोत पांढरा, हातात पिवळट. लोक माल परत पाठवतायत. शनिवारपर्यंत फोटो बदलले नाहीत तर साइटवरचं माझं पान बंद होणार. आणि मग मी दुसरीकडे जाणार, राग मानू नका."

मावशी आधी त्याच्यावरच उलटल्या. "माल बदललास तू." त्याने नमुन्याचा कप खोक्यातल्या कपाशेजारी ठेवला. दोन्ही सारखे. म्हणजे पाणी घरातच मुरत होतं. सुनेला बोलले म्हणून तिने डाव साधला, दुसरं काय!

तो गेल्यावर मावशींनी सुनेला कॉम्प्युटरपासून उठवलं. "आज सगळं मी करणार. तू नुसती बस." कागद लावला, दिवे लावले, कार्डाचा फोटो घेतला, मग कप. कडासुद्धा स्वतः कापल्या. दीड तास मान मोडून बसल्या. मग खरा कप पडद्याशेजारी धरला.

पडद्यावरचा कप पांढरा होता.

मावशींनी कप पुन्हा धरून पाहिला, तरी तेच. सुनेचा हातही लागला नव्हता. मग त्यांनी चडफडत दोन महिन्यांपूर्वीचे, सुनेने पिवळ्याकडे नेलेले कपांचे फोटो उघडले. सायीचा रंग, हातातल्यासारखा हुबेहूब.

"सावली बघा, आई," सून हळूच म्हणाली. "मागचं आपण पार पांढरंफटक करून टाकतो, तिथे काही कळत नाही. सावलीत कळतं."

कपाखालची सावली निळसर होती.

सुनेने कपाटाच्या तळातून एक पाकीट काढलं. आत नवं करडं कार्ड, सील न फोडलेलं. मावशींनी ते फोडून जुन्याशेजारी ठेवलं. जुनं उन्हाने पिवळं पडलं होतं, चांगलंच. कॅमेरा त्या पिवळ्यालाच करडं समजत होता आणि प्रत्येक फोटो निळ्याकडे ढकलत होता. रोज हातात घेऊन मावशींना दिसलं नव्हतं. जगातल्या प्रत्येक वस्तूवर संशय घेतला, फक्त या एका पुठ्ठ्यावर नाही.

"कधी आणलंस हे?"

"वर्ष झालं."

"मग बोलली का नाहीस?"

"त्यावर बाबांचं अक्षर आहे ना. म्हटलं, मी रोज थोडं थोडं दुरुस्त करत जाईन. तुम्हाला कळायचं कारण नव्हतं."

मावशींना खूप लाज वाटली. वर्षभर आपलं नाव हिने सांभाळलं, आणि आपण तिचाच हात अडवला. त्या खुर्चीतून उठल्या, सुनेला तिथे बसवलं आणि नव्या कार्डाने कप पुन्हा काढून दिले.

संध्याकाळी कपवाल्याचा फोन आला. "आता बरोबर आलेत. चूक कोणाची निघाली, मावशी? सूनबाईंची ना?"

"माझी," मावशी म्हणाल्या. "आणि यापुढे रंगाचं काही विचारायचं असेल तर तिला विचार." आणि त्यांनी फोन सुनेच्या हातात दिला.